मॉडेलची यादी नको, काउंटरवरची परीक्षा शिकवा

ताई, नमस्कार. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीने पुढच्या रविवारी ज्येष्ठ रहिवाशांसाठी कार्यशाळा ठेवली आहे. ‘आपल्यासाठी फोन कसा निवडावा’ यावर वीस मिनिटं बोलायचं काम माझ्याकडे आलंय. समोर तीस-चाळीस जण असतील, साठीपासून पंच्याऐंशीपर्यंतचे. काहींकडे बटणांचा फोन आहे, काहींकडे मुलाचा जुना. मी पाच-सहा मॉडेलचा तक्ता केला, त्यात रॅम, कॅमेरा, बॅटरी, किंमत असं सगळं आहे. आईला दाखवला तर म्हणाली, “यातलं मला काय कळणार आणि दुकानात काय आठवणार?” मग नेमकं सांगू तरी काय?
– समितीचा एक सदस्य, डोंबिवली

नमस्कार,

तुमच्या आई बरोबर बोलल्या. तो तक्ता घरीच ठेवा. त्यातली निम्मी मॉडेल दिवाळीपर्यंत दुकानात मिळणार नाहीत, हे एक कारण. दुसरं आणि मोठं कारण असं की, पैसे पाठवताना खालचं बटण आईंना दिसेल का, नातीचा आवाज कळेल का, बोट ठेवल्यावर नेमकं तेच उघडेल का, यातलं काहीही त्या तक्त्यात नाही. ज्येष्ठांचा नवा फोन कपाटात जातो तो बहुतेक वेळा याच कारणांनी. रॅम कमी पडली म्हणून फोन बंद करून ठेवलेले आजोबा मला अजून भेटायचे आहेत.

म्हणून वीस मिनिटांत एकच गोष्ट करा. दुकानाच्या काउंटरवर उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी, कानांनी आणि बोटांनी फोन कसा तपासायचा, ते दाखवा. बोलणं कमी ठेवा आणि फोन लोकांच्या हातात द्या. सोसायटीतून चार-पाच फोन मागून आणा. त्यात एक आठ-दहा वर्षांपूर्वीचा जुना, एक आजचा मोठा आणि एक बटणांचा असू द्या. शाळेतली एक मोजपट्टी आणा. प्रोजेक्टर लावूच नका. फोनचा पडदा भिंतीवर सहा फुटी दिसला की सगळ्यांना सगळं वाचता येतं, आणि आपल्याला जे दाखवायचंय तेच हरवतं.

डोळे: मोजपट्टी इथे काढा

सगळ्यात जास्त वेळ याला द्या, सात-आठ मिनिटं तरी. “मोठा स्क्रीन घ्या म्हणजे अक्षरं मोठी दिसतील” हा सल्ला दुकानदारापासून जावयापर्यंत सगळे देतात, आणि तो बराचसा चुकीचा आहे. स्क्रीनचं माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरकं मोजतात. गेल्या काही वर्षांत फोन उंच होत गेले. रुंद फारसे झाले नाहीत. जुना साडेपाच इंची फोन १६:९ या प्रमाणातला असे आणि त्याच्या स्क्रीनची रुंदी साधारण ६.८ सेंटिमीटर भरे. आजचा साडेसहा इंची फोन साधारण २०:९ प्रमाणातला असतो आणि त्याची रुंदी भरते तितकीच, ६.८ सेंटिमीटर. ६.७ इंची घेतला तर जवळपास ७ सेंटिमीटर. म्हणजे वरचे पैसे भरून आणि हाताला जड फोन घेऊन ओळीच्या रुंदीत मिळाले २ मिलिमीटर. हे बोलून दाखवण्यापेक्षा पहिल्या रांगेतल्या एखाद्या काकांनाच मोजायला लावा. सभागृहात जी कुजबुज होईल ती तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त काम करेल.

अक्षराचा आकार ठरतो सेटिंगमध्ये, आणि तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळांना त्यातली एकच माहीत असते. एक आहे फॉन्ट साइज. त्याने फक्त अक्षरं मोठी होतात. दुसरी आहे डिस्प्ले साइज, जिला काही फोनमध्ये स्क्रीन झूम म्हणतात; त्याने अक्षरांबरोबर बटणं, चिन्हं, चौकटी असं सगळंच मोठं होतं. दोन्ही सहसा सेटिंगमधल्या डिस्प्लेमध्ये किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये सापडतात.

आता लोकांना हे करायला लावा. दोन्ही पट्ट्या शेवटपर्यंत ओढा आणि नवा नंबर साठवण्याचं पान उघडा. नाव टाकायला गेलं की कीबोर्ड वर येतो. अक्षरं आता छान मोठी दिसतात, पण ‘सेव्ह’चं बटण कुठे गेलं? काही फोनमध्ये ते पडद्याबाहेर जातं, काहींत अर्धं कापलेलं दिसतं, काहींत कीबोर्डखाली दडतं. पैसे पाठवण्याच्या अ‍ॅपमध्येही हेच होतं. रक्कम टाकल्यावर ‘पुढे’चं बटण दिसत नाही, माणूस गोंधळतो, मागे जातो, पुन्हा येतो, आणि शेवटी शेजारच्या मुलाला पिनसकट फोन देतो. अक्षर वाचता येणं आणि फोन वापरता येणं यांत हा फरक आहे. सोसायटीतल्या ज्येष्ठांना तो डोळ्यांसमोर दिसला, तर कार्यशाळा वाया गेली नाही असं समजा.

यावर उपाय आहे. डिस्प्ले साइज मधोमध ठेवा. फॉन्ट शेवटून एक-दोन पायऱ्या अलीकडे आणा, आणि ‘बोल्ड’ म्हणजे ठळक अक्षरं चालू करा. अक्षराचा आकार तोच राहूनही ते ठळक झालं की बऱ्याच जणांना एक पायरी लहान अक्षरही सुखाने वाचता येतं. देवनागरीत हे विशेष जाणवतं, कारण आपला अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांतले बारकावे बारीक रेघेत विरून जातात. म्हणून वाचून बघायचा मजकूर मराठीच असू द्या. दुकानातल्या डेमो फोनवर सगळं इंग्रजीत असतं. तिथे भाषा मराठी करून मागायची. तो आपला हक्क आहे, त्यात संकोच कसला?

उजेडाचं एक सांगून पुढे जा. दुकानात दिव्यांचा लखलखाट असतो, तिथे कुठलाही पडदा चांगला दिसतो. फोन हातात घेऊन दारापर्यंत जायचं आणि बाहेरच्या उजेडात तोच मजकूर वाचायचा. ज्यांना मोतीबिंदूमुळे पांढऱ्या पडद्याची तिरीप येते, त्यांनी काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं करून बघावीत. काहींना त्याने फार बरं वाटतं, काहींना अक्षरं पसरल्यासारखी दिसतात. ज्याचं त्याने बघून ठरवायचं.

कान: आकडे वाचून दाखवा

ही परीक्षा दुकानात जवळपास कोणीच करत नाही. रिंगटोन वाजवतात, “बघा काका, केवढा आवाज!” म्हणतात, आणि संपलं. पण वयाबरोबर आधी कमी होते ती उंच पट्टीतल्या आवाजांची जाण. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. “ओरडू नकोस, नीट बोल” असं आजी म्हणतात ते अगदी खरं असतं. स, श, फ या अक्षरांची ओळख पटवणारा आवाज मुख्यतः उंच पट्टीत असतो.

आता फोनचं बघा. जुन्या २जी कॉलमध्ये साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो, म्हणजे नेमकी उंच पट्टी कापलेली. ४जीवरच्या व्होल्टी कॉलमध्ये तो साधारण ७,००० हर्ट्झपर्यंत जाऊ शकतो. ऐकणाऱ्याला आवाज मोठा झाल्यासारखा नाही, स्वच्छ झाल्यासारखा वाटतो. मात्र त्यासाठी दोन्ही बाजूंचे फोन आणि नेटवर्क त्या प्रकारचे लागतात. आजींकडे नवा फोन आहे आणि गावाकडची बहीण जुन्या २जी फोनवरून बोलते आहे, तर त्या कॉलमध्ये फरक पडणार नाही. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर लोक फोनला दोष देतील.

परीक्षा सोपी आहे. सोबतच्या माणसाने दुकानाबाहेर रस्त्यावर जायचं आणि फोन करून सहा आकडे सावकाश वाचायचे: सात, पाच, आठ, सहा, तीन, सात. ऐकणाऱ्याने ते कागदावर लिहायचे. दोन फोनवर दोन वेगवेगळ्या मालिका. बोललेलं वाक्य माणूस अंदाजाने जुळवून घेतो, आकड्यांना अंदाज चालत नाही. म्हणून आकडेच घ्यायचे. हा प्रयोग सभागृहात करून दाखवा. फोन करणाऱ्याला जिन्यात उभं करा.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना वेगळं सांगा. त्यांनी यंत्र कानात घालूनच दुकानात जावं आणि फोन कानाला लावून शिटीसारखा आवाज किंवा खरखर येते का ते ऐकावं. ज्यांचं यंत्र ब्लूटूथचं आहे, त्यांनी फोन घेण्याआधी यंत्राच्या कंपनीला किंवा ऑडिओलॉजिस्टला मॉडेलचं नाव सांगून विचारावं. “ब्लूटूथ आहे म्हणजे जोडलं जाईलच” असं नसतं. श्रवणयंत्रांसाठी लागणारी पद्धत प्रत्येक फोनमध्ये नसते.

बोट

वयाबरोबर बोटांची कातडी कोरडी होते आणि स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याला कोरडं बोट कमी कळतं. म्हणून ज्येष्ठ जोरात आणि जास्त वेळ दाबतात. फोन त्याला ‘दाबून ठेवलं’ असं समजतो. चिन्हं हलायला लागतात, एखादं अ‍ॅप उचललं जातं, भलतीच यादी उघडते. मग “माझ्या हातून बिघडला” म्हणून माणूस फोनला हात लावणं सोडतो. त्यांच्या हातून काहीही बिघडलेलं नसतं. अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘टच अँड होल्ड डिले’ नावाचं सेटिंग असतं, ते ‘लाँग’ करायचं. काही फोनमध्ये त्याचा अर्थ दीड सेकंद असा होतो. तेवढ्याने बहुतेकांचा त्रास थांबतो. दुकानदार लगेच जाडी काच बसवून देतो, तीही बोट ओळखण्यात अडथळा आणू शकते. काच बसवल्यावर तिथेच पुन्हा दहा आकडे डायल करून बघायचे आणि आकडे गळत असतील तर पातळ काच मागायची.

दुसरं, नवे फोन बोट खालून वर सरकवून चालवायचे असतात. ज्येष्ठांसाठी खाली तीन बटणांची पट्टी असलेली बरी: मागे, घर, उघडी अ‍ॅप्स. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘नेव्हिगेशन’ या सेटिंगमध्ये ती परत आणता येते. तुम्ही ती एका फोनवर आणून दाखवा, लोक सुटकेचा श्वास टाकतील.

बोटांच्या ठशावर फार भर देऊ नका. आयुष्यभर भांडी घासलेल्या, यंत्रावर काम केलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात. आधारच्या वेळी त्यांना हा अनुभव आलेला आहे. पिन टाकून उघडणं त्यांना जमतं का, एवढं बघितलं तरी पुरे.

तारीख

हा मुद्दा कोरडा आहे, पण पैसे वाया जातात ते इथेच. फोनला कंपनीकडून ठरावीक वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात आणि ती वर्षं साधारणपणे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपण विकत घेतल्यापासून नाही. समजा, एक मॉडेल सप्टेंबर २०२२ मध्ये आलं आणि कंपनीने तीन वर्षं अपडेट देऊ असं सांगितलं. दुकानदाराने तोच फोन ऑगस्ट २०२५ मध्ये गणपतीच्या ऑफरमध्ये स्वस्तात दिला. खोक्यावरचं सील नवं, बिल नवं, आणि अपडेटचा उरलेला काळ एक महिना. ज्येष्ठ माणूस फोन पाच-सहा वर्षं वापरतो, त्यामुळे त्याच्यासाठी ही तारीख कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी महत्त्वाची. अपडेट बंद झालेला फोन लगेच बंद पडत नाही. पण त्यातली सुरक्षेची भोकं बुजवणं थांबतं आणि काही वर्षांनी बँकेचं अ‍ॅप “या फोनवर चालणार नाही” असं सांगतं.

दुकानात विचारायचे प्रश्न दोनच: हे मॉडेल कधी आलं, आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं? महाग फोनलाच जास्त वर्षं मिळतात असंही आता राहिलेलं नाही. सॅमसंगने २०२४ मध्ये आलेल्या गॅलेक्सी ए१६ या मधल्या किमतीच्या फोनला सहा वर्षं सुरक्षा अपडेट जाहीर केले. तोच घ्या असं मी म्हणत नाही. एवढा काळ मागता येतो, हे लोकांना कळू द्या. हातातल्या फोनचं बघायचं असेल तर सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ किंवा ‘सॉफ्टवेअर माहिती’ यात सुरक्षा अपडेटची तारीख असते. सभागृहात सगळ्यांना आपापल्या फोनवर ती शोधायला लावा. जिथे तारीख वर्षाहून जुनी निघेल, तिथे आधी अपडेट यायचं बाकी आहे का ते तपासा. येत नसेल, तर त्या फोनवर बोलावं, फोटो बघावेत, पण बँकेचे व्यवहार नकोत.

याच्या जोडीला एक डोळ्यांनी दिसणारी खूण सांगा. काही स्वस्त फोनवर कुलूप उघडायच्या आधीच पडद्यावर बातम्या आणि जाहिराती सरकत असतात. डेमो फोनचं बटण तीन-चार वेळा दाबून बघायचं. दर वेळी नवं चित्र आणि खाली ‘अधिक वाचा’ असं दिसलं, तर ते बंद करता येतं का हे तिथल्या तिथे करून मागायचं. ज्याचं बोट जरा जड पडतं त्याच्यासाठी ही जाहिरात म्हणजे नको त्या पानावर जायचा दरवाजा आहे.

आता हे सगळं एकत्र कसं चालतं, ते एका उदाहरणाने सांगते. भाषणात जसंच्या तसं वापरलंत तरी चालेल. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या एक बाई, वय शहात्तर, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हातात बटणांचा २जी फोन. मुलगी परदेशात, तिच्याशी व्हिडिओवर बोलायचं आणि वीजबिल स्वतः भरायचं, एवढ्या दोनच गरजा. दुकानदाराने सगळ्यात मोठा फोन पुढे केला. त्यांनी तो एका हातात धरला तर मनगट कापायला लागलं. तरी आम्ही परीक्षा घेतली: फॉन्ट पूर्ण मोठा केला, नंबर साठवायला घेतला, बटण गायब. शिवाय फोन उघडण्याआधीच जाहिरात, आणि ती बंद कशी करायची हे दुकानातल्या मुलालाही सापडेना. तो बाजूला ठेवला. दुसरा थोडा लहान आणि हलका होता. फॉन्ट शेवटून दुसऱ्या पायरीवर, अक्षरं ठळक, भाषा मराठी. बटण दिसलं. मी बाहेर जाऊन आकडे वाचले. जुन्या फोनवर त्यांनी सहातले चार बरोबर लिहिले होते, या फोनवर सहाही. पण या मॉडेलचं वय विचारलं तर अपडेटचं जेमतेम वर्ष उरलेलं. मग त्याच कंपनीचं त्या वर्षीचं नवं मॉडेल मागितलं. ते दीड हजाराने महाग होतं, कॅमेरा जवळपास तोच, अपडेट मात्र चार वर्षं शिल्लक. बाईंनी ते घेतलं. दुकानदाराला वाटलं दीड हजार फुकट गेले. बाईंना दर वर्षामागे काय पडतं हा हिशेब बरोबर कळला होता, त्या निवृत्त शिक्षिका.

एवढ्यावर तुमची सोळा-सतरा मिनिटं होतील. उरलेल्या वेळात प्रश्न येतील आणि त्यातला पहिला ठरलेला आहे: बटणांचा घेऊ की स्मार्ट? ज्यांना फक्त बोलायचं आहे आणि ज्यांची बोटं खरोखर थरथरतात, त्यांना बटणांचाच फोन द्या, त्यात काही कमीपणा नाही. मात्र तो ४जीचा, खोक्यावर ‘व्होल्टी’ लिहिलेला घ्यायला सांगा. जिओचं सिम २जी फोनमध्ये चालतच नाही, कारण जिओकडे २जी नेटवर्क नाही. काही स्वस्त ४जी बटणफोन एकाच कंपनीच्या सिमवर चालतात, म्हणून आपलं सिम घालून, दुकानातच एक फोन करून बघायचा. पूर्वी काही बटणफोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालायचं. कायओएस नावाची प्रणाली असलेल्या त्या फोनना २०२४ च्या जूनपासून नव्याने व्हॉट्सअ‍ॅप मिळणं बंद झालं. “यात व्हॉट्सअ‍ॅप आहे” असं दुकानदार म्हणाला, तर चालू करून दाखवायला सांगायचं. पैसे पाठवायला मात्र बटणफोन अगदीच निरुपयोगी नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सुरू केलेल्या यूपीआय १२३पे मधून इंटरनेटशिवाय, फोन करून पैसे देता येतात. ऐकून आकडे दाबावे लागतात, म्हणून कानाची परीक्षा इथेही लागू.

तुमच्या इमारतीत तळमजल्याला किंवा मागच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये नेटवर्क येत नसेल, तर तिथल्या लोकांनी फोन बदलूनही तक्रार तशीच राहील. घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालणारा फोन घ्यावा आणि ते सेटिंग चालू करून घ्यावं. आपल्या सिमच्या कंपनीचं वायफाय कॉलिंग त्या मॉडेलवर चालतं का, हे घेण्याआधी विचारायचं. बिघाड फोनचा आहे की भिंतींचा, हे ओळखायची खूण सोपी आहे: खाली अंगणात आवाज स्वच्छ आणि घरात तुटक, तर फोनला दोष नाही.

आयफोनबद्दल कोणीतरी विचारेलच. अपडेट बरीच वर्षं मिळतात, जाहिराती नसतात, आणि २०२३ पासून त्यात ‘असिस्टिव्ह अ‍ॅक्सेस’ नावाची मोठ्या चित्रांची, मोजक्या अ‍ॅपची सोय आहे. घरात बाकी सगळ्यांकडे आयफोन असेल तर शिकवायला सोपं पडतं. नसेल, तर रोज अडल्यावर विचारायला घरात कोणी नाही, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत हा मुद्दा किमतीहून मोठा ठरतो.

संकटातल्या बटणाबद्दलही प्रश्न येईल. भारतात विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनमध्ये आपत्कालीन कॉलची सोय असते, आणि पॉवरचं बटण झटपट तीन किंवा पाच वेळा दाबून ११२ ला फोन लागतो. किती वेळा ते फोनप्रमाणे बदलतं. सेटिंगमध्ये ‘इमर्जन्सी’ शोधून ते नेमकं वाचायचं आणि घरच्यांचा नंबर तिथे टाकायचा. सभागृहात करून मात्र बघू नका, खरा फोन लागेल.

मुलाचा जुना फोन मिळालेले लोक तुमच्याकडे आहेत असं लिहिलंत, म्हणून शेवटी त्यांच्यासाठी थोडी मिनिटं राखून ठेवा. बाहेरून जुना फोन घेणाऱ्यांनी आधी *#06# डायल करून फोनची ओळख असलेला पंधरा आकडी आयएमईआय नंबर बघावा, आणि KYM लिहून एक जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करावा. फोन काळ्या यादीत आहे का हे त्यातून कळतं. दोन सिमच्या फोनमध्ये दोन नंबर दिसतात, दोन्ही तपासायचे. घरच्याच फोनचा धोका वेगळा आहे. मुलगा फोटो पुसतो, पण त्याचं गुगल खातं तसंच राहतं. मग आईच्या फोनवर मुलाच्या ऑफिसच्या सूचना येतात, आईने साठवलेले नंबर मुलाच्या खात्यात जातात, आणि कधी कोणी फोन थेट रिसेट केला की तो मुलाच्या खात्याचा पासवर्ड मागून अडून बसतो. तेव्हा मुलगा रात्रपाळीला किंवा परगावी असतो. म्हणून फोन हातात देण्याआधी मुलाने सेटिंगमध्ये जाऊन आपलं खातं काढायचं, मग फोन रिसेट करायचा, आणि आईच्या नावाने, आईच्याच नंबरावर नवं खातं उघडायचं. पासवर्ड आईच्या अक्षरात एका वहीत लिहायचा आणि वही पासबुकांबरोबर कपाटात ठेवायची; फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी नको. रविवारी मुलं-सुना सोबत आल्या असतील, तर हे काम तिथेच बसून उरकून घ्या.